काल रात्री काय काय झालं?

(काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांच्या मुलाखती आणि त्यांची मार्गदर्शिका)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या समाजकार्याच्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना उत्तरांपेक्षा प्रश्नांवर जास्त लाल खुणा करायच्या. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी एक अगदी छोटा कागद निवडला आहे. मुलाखत घेऊन गुणात्मक संशोधन करणारा माणूस घराबाहेर पडताना दोन-तीन पानं बरोबर नेतो. तीच त्याची मुलाखत-मार्गदर्शिका. रोजच्या बोलण्यात आपण तिला ‘गाइड’ म्हणतो. तिच्यात थोडे मुख्य प्रश्न असतात आणि प्रत्येकाखाली खोदून विचारायचे उपप्रश्न असतात. या उपप्रश्नांना आमच्याकडे सगळे ‘प्रोब’च म्हणतात, मीही तेच म्हणेन.

मार्गदर्शिका अनेक प्रकारच्या अभ्यासांना लागते. मी एकाच अभ्यासाबद्दल बोलणार आहे: स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया झालेल्या वृद्धांना घरी सांभाळणाऱ्या नातेवाइकांचा अभ्यास. आपल्या बहुतेक घरांत हे सांभाळणं एखाद्या सुनेच्या, लेकीच्या किंवा पत्नीच्या वाट्याला येतं. तिच्यापर्यंत पोहोचायचं असेल तर प्रश्न कसा लिहावा, एवढंच मला सांगायचं आहे.

या विषयावरच्या मार्गदर्शिकेच्या पहिल्या खर्ड्यात एक प्रश्न हमखास असतो: ‘सासूबाईंची काळजी घेताना तुम्हाला कोणत्या अडचणी येतात?’ वाचायला तो ठीक वाटतो. पण घरात जाऊन विचारला की उत्तर येतं, ‘अडचण कसली? आपलंच माणूस आहे, करायलाच हवं.’ त्यानंतर शांतता. मुलाखत घेणारी मुलगी गडबडते आणि पुढचा प्रश्न विचारते: ‘तुम्हाला ताण येतो का?’ उत्तर येतं, ‘थोडाफार येणारच.’ अशी चाळीस मिनिटं गेली की हातात होकार-नकाराची यादी उरते आणि संशोधक म्हणतो, बाई मोकळेपणी बोलल्या नाहीत.

माझ्या मते बाई नीटच बोलल्या. ‘करायलाच हवं’ हे उत्तर खोटं नाही. परक्या माणसाने, हातात रेकॉर्डर घेऊन, नात्यातल्या कर्तव्याबद्दल मत विचारलं, तर सभ्य घरातून जे उत्तर द्यावं ते तिने दिलं. प्रश्नाने मत मागितलं, तिने मत दिलं. आपल्याला हवी होती हकीगत, आणि ती कुणी मागितलीच नव्हती.

हे कर्तव्याचं उत्तर इतकं घट्ट का असतं, हे समजायला एका जुन्या अभ्यासाची मदत होते. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात केलेला गुणात्मक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं वर्णन ऐकवलं की लोक ते लगेच ओळखत, असं त्यांना आढळलं. असं माणूस आमच्या शेजारी आहे, आमच्या घरात होतं, असं लोक म्हणत. पण हा आजार आहे असं कुणी मानत नव्हतं. वय झालं की असं होतं, ही एक समजूत होती. दुसरी समजूत अशी की मुलांनी हेळसांड केली, माया दिली नाही, म्हणून म्हातारपणी माणूस असं होतं. शिवाय मुलांनी केलेली काळजी बरेचदा मालमत्ता आपल्या नावावर होईल या अपेक्षेशी बांधलेली असते, हेही त्या अभ्यासात पुढे आलं.

आता माया कमी पडल्याची समजूत आणि मालमत्तेची अपेक्षा या दोन गोष्टी मनात ठेवून तोच पहिला खर्डा पुन्हा वाचा. ‘हे केव्हापासून सुरू झालं?’ हा आपल्याला निरुपद्रवी वैद्यकीय प्रश्न वाटतो. पण माया कमी पडली म्हणून हे झालं असं ज्या गावात मानतात, तिथे सुनेला त्यात आरोप ऐकू येतो: तू लग्न होऊन आलीस त्यानंतरच ना? आणि ‘घर कोणाच्या नावावर आहे?’ हा सामाजिक-आर्थिक माहितीचा प्रश्न मुलाखतीच्या सुरुवातीलाच आला, तर ती पुढे काहीही बोलली तरी ते जमिनीच्या वाटणीच्या सावलीत बोललेलं असतं. मी तो प्रश्न शेवटच्या पानावर नेते, आणि अभ्यासाला त्याची गरजच नसेल तर काढून टाकते.

संशोधनाचा प्रश्न वेगळा आणि मुलाखतीचा वेगळा, हे विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. ‘काळजी घेणाऱ्या स्त्रिया रात्रीच्या जागरणाला कसा अर्थ देतात आणि घरात मदतीची वाटणी कशी ठरते’ हा संशोधनाचा प्रश्न झाला. तो प्रस्तावात शोभतो. ज्या बाईने सकाळपासून दोन वेळा चादरी धुतल्या आहेत तिला तो विचारायचा नसतो. त्याचं उत्तर शोधणं हे आपलं काम आहे. तिच्याकडे आपण मागायची ती कालची रात्र.

‘काळजीवाहक’ या शब्दाबाबतही हेच. तो अहवालात राहू द्यावा. स्वतःला काळजीवाहक म्हणवणारी सून मला भेटलेली नाही. मार्गदर्शिकेत त्या जागी ‘त्यांचं सगळं कोण बघतं?’ असं लिहावं, आणि आजाराचं नाव रिकामं ठेवावं. घरचे जे म्हणतील, म्हणजे ‘विसरतात’, ‘भ्रम झालाय’, ‘डोक्यावर परिणाम झालाय’, तेच शब्द मुलाखतभर वापरावेत.

मार्गदर्शिकेची लांबी किती असावी? तासाभराच्या, फार तर दीड तासाच्या मुलाखतीला सहा ते आठ मुख्य प्रश्न पुरतात. त्याहून जास्त वेळ सांभाळणारी बाई आजारी माणसापासून दूर बसू शकत नाही. वीस प्रश्नांची मार्गदर्शिका नेली तर मुलाखत घेणाऱ्याचं लक्ष उरलेल्या प्रश्नांवर राहतं, समोरच्या बाईवर राहत नाही. किती ओझं आहे हे मोजायचंच असेल तर त्यासाठी मोजपट्ट्या आहेत. स्टीव्हन झारिट आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडलेली प्रश्नावली आज बहुतेक ठिकाणी २२ प्रश्नांच्या रूपात वापरतात. तिच्यातून आकडा मिळतो, आणि आकड्याचाही उपयोग आहे. पण रात्री दोन वाजता त्या घरात काय घडलं ते आकडा सांगत नाही.

आता एक प्रश्न पूर्ण उलगडून दाखवते. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जेम्स स्प्रॅडली यांनी १९७९ च्या त्यांच्या पुस्तकात ‘फेरफटक्याचे’ प्रश्न सांगितले आहेत. समोरच्या माणसाने आपल्याला त्याच्या जागेतून किंवा दिवसातून हिंडवून आणावं, असे हे प्रश्न. त्याच धर्तीवर आमच्या मार्गदर्शिकेतला तिसरा प्रश्न असा आहे:

‘काल रात्री जेवणं झाल्यापासून आज सकाळी तुम्ही उठेपर्यंत काय काय झालं, ते मला जसं आठवेल तसं सांगाल?’

यात ‘काल’ हा शब्द महत्त्वाचा. ‘रात्री कशा जातात?’ असं विचारलं की ‘झोप होत नाही नीट’ असा सारांश मिळतो. कालच्या रात्रीला मात्र वेळ असते, दिवा असतो, दार असतं. सारांश करायचा असेल तर तो नंतर आपण करू. शिवाय काय घडलं ते सांगताना बाईंना स्वतःचं मत मांडावं लागत नाही, त्यामुळे कर्तव्याचं उत्तर देण्याची गरजच पडत नाही.

या प्रश्नाखाली पाच-सहा प्रोब लिहिलेले असतात. ते विचारण्याची वेळ ठरलेली नसते, पण शब्द ठरलेले असतात. पहिला प्रोब पुढे नेणारा: ‘मग काय झालं?’ दुसरा तपशिलाचा: ‘पहिल्यांदा जाग कशाने आली?’ तिसरा आजूबाजूच्या माणसांचा: ‘तेव्हा घरात आणखी कोण जागं होतं?’ चौथा: ‘त्या काय म्हणाल्या? तुम्ही काय म्हणालात?’ पाचवा: ‘कालची रात्र नेहमीसारखी होती, की काही वेगळी?’ आणि सहावा, जो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: ‘सकाळी हे कुणाला सांगितलंत का?’

हे सगळं कसं चालतं, ते एका मुलाखतीतून पाहू. ओळख लागू नये म्हणून मी तीन-चार घरांतले तपशील एकत्र केले आहेत. सून चाळिशीची, सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या, नवरा कारखान्यात पाळीवर जाणारा, मुलगी दहावीत.

‘काल रात्री जेवणं झाल्यापासून...’ असं विचारल्यावर सून म्हणाली, ‘काही नाही, झोपलो. त्या उठल्या एक-दोनदा.’

इथे अनुभव नसलेला माणूस ‘बरं’ म्हणून पुढे जातो. पण कागदावर लिहिलं होतं: पहिल्यांदा जाग कशाने आली?

‘कडीच्या आवाजाने. दाराची कडी काढत होत्या. हातात गाठोडं. दोन लुगडी, एक माझ्या मुलीचा गणवेश, आणि देवातली घंटी.’

त्या काय म्हणाल्या?

‘घरी जायचंय म्हणाल्या. आई वाट बघत असेल.’

तुम्ही काय म्हणालात?

‘आता गाडी नाही. सकाळच्या एसटीने जाऊ, मी सोडायला येते. मग निजल्या. रोज हेच सांगते. खोटंच की, पण निजतात.’

तेव्हा घरात आणखी कोण जागं होतं?

‘कोणी नाही. ह्यांना पहाटे पाचला निघायचं असतं. म्हणून मीच सासूबाईंच्या खोलीत झोपते, दाराला आडवी. दोन वर्षं झाली.’

नेहमीसारखीच रात्र होती का?

‘नेहमीसारखीच. काल निदान कोपऱ्यात लघवी नव्हती केली.’

सकाळी हे कुणाला सांगितलंत का?

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘नाही. सांगून काय? नणंद फोनवर विचारते, आई कशी आहे. मी म्हणते, बरी आहे. काही सांगितलं तर तिला वाटायचं मी तक्रार करते.’

पहिल्या वाक्यात ‘काही नाही, झोपलो’ म्हणणाऱ्या बाईंनी पाच प्रोबमध्ये किती सांगितलं ते पाहा. दाराला आडवं झोपणं, म्हणजे स्वतःच्या शरीराने केलेला अडसर. दोन वर्षांत नवरा-बायकोचं एका खोलीत न झोपणं. सासूला सांगितलेलं खोटं, जे तिला मनात कुठेतरी टोचतं आणि जे खरं तर जाणकारही सुचवतील असं हळुवार उत्तर आहे. आणि नणंदेला दिलेला ‘बरी आहे’ हा निरोप, ज्यामुळे कुटुंबातल्या दुसऱ्या घराला या घरातली रात्र कधीच कळत नाही. मदतीची वाटणी का होत नाही, या संशोधनाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या एका निरोपात आहे. ‘नणंद मदत करते का?’ असं थेट विचारून ते कधी मिळालं नसतं.

प्रोब आधी लिहून का न्यायचे, ऐनवेळी सुचणार नाहीत का, असं विद्यार्थी विचारतात. सुचतात, पण ऐनवेळी सुचलेले प्रोब बहुधा सहानुभूतीतून आलेले असतात. गाठोड्याची गोष्ट ऐकून तोंडातून निघतं, ‘किती त्रास होत असेल ना तुम्हाला!’ ती म्हणते, ‘हो.’ तो ‘हो’ आपला असतो, तिचा नसतो. ‘मग राग येत असेल?’ यातही राग आपण पुरवला. रॉबर्ट मर्टन आणि पॅट्रिशिया केंडॉल यांनी १९४६ मध्ये मुलाखतीच्या तंत्रावर जो लेख लिहिला, त्यात उत्तराची दिशा मुलाखत घेणाऱ्याने ठरवू नये, ही मुख्य अट आहे. त्याच लेखात दुसरी अटही आहे: बोलणं नेमक्या प्रसंगावर आणावं. या दोन अटी एकमेकींना ओढतात. तपशील हवा म्हणून खोदायचं, पण खोदताना आपलं काही आत टाकायचं नाही. बसल्या जागी, समोर अश्रू असताना, हा तोल सांभाळणं फार अवघड. शांतपणे टेबलाशी बसून लिहिलेलं ‘तुम्ही काय म्हणालात?’ हे वाक्य तेव्हा आधार देतं.

‘का’ विचारणारे प्रोब मी जवळजवळ काढूनच टाकते. ‘तुम्ही नणंदेला का नाही सांगितलं?’ यात जाब आहे. त्याऐवजी ‘सांगितलं असतं तर काय झालं असतं?’ असं विचारलं तर तीच माहिती मिळते, आणि तिला स्वतःचा बचाव करावा लागत नाही. सासूच्या वागण्याबद्दलही तसंच. केरळमध्ये त्रिशूरजवळ के. एस. शाजी आणि सहकाऱ्यांनी काळजी घेणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही काळजी घेणाऱ्या बहुतेक तरुण स्त्रिया, अनेकदा सुना होत्या, आणि आजाराची लक्षणं त्यांना मुद्दाम केलेला त्रास वाटत होती. आपण ‘त्या मुद्दाम करतात असं वाटतं का?’ असं विचारलं तर ही कल्पना आपणच हातात दिल्यासारखं होईल. मार्गदर्शिकेत म्हणून लिहावं: ‘त्या असं का वागतात याबद्दल घरात कोण काय म्हणतं?’ आपला ‘का’ इथे घरच्यांच्या तोंडी गेला. नवरा काय म्हणतो, शेजारीण काय म्हणते, हे सांगता सांगता ती स्वतःचं मत बहुतेक वेळा सांगतेच.

आणखी एक प्रोब कागदावर कंसात लिहिलेला असतो: (थांबा). मनातल्या मनात पाच आकडे मोजा, मग बोला. ‘सकाळी कुणाला सांगितलंत का’ नंतरची शांतता आम्ही भरून काढली असती, तर नणंदेचं वाक्य आलंच नसतं.

आता घराकडे वळू. पुस्तकांतली मुलाखत बंद खोलीत दोघांमध्ये होते. आपल्या घरांत तसं क्वचितच घडतं. ज्यांच्याबद्दल बोलायचं त्या सासूबाई शेजारच्या कॉटवर बसलेल्या असतात, आणि स्मृती गेली तरी स्वतःच्या नावावर कान टवकारतात. सासरे पेपर वाचत बसतात. सुनेला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मुलगाच देतो. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या त्यांच्या ग्रंथात भारतातल्या नातेसंबंधांची जी तपशीलवार मांडणी केली, ती वाचलेल्या माणसाला लक्षात येईल की सासऱ्यांसमोर सून काय बोलेल हे तिच्या स्वभावावर कमी आणि तिच्या नात्यातल्या जागेवर जास्त ठरतं. म्हणून मार्गदर्शिकेचा पहिला प्रश्न आम्ही घरातल्या माणसांचा ठेवतो: ‘या घरात कोण कोण असतं, आणि बाहेरगावी कोण?’ कागदावर वंशवेल काढत काढत बोलायचं. त्यातून पहिली दहा मिनिटं मोकळी जातात, आणि दोन गोष्टी कळतात: कोण काय करतं, आणि कोण कोणाला काय म्हणतं. सूनबाई सासूला ‘आई’ म्हणत असेल तर आपणही पुढे ‘आई’ म्हणायचं, ‘पेशंट’ नाही. तिला स्वतःला ‘वहिनी’ म्हणायचं की ‘काकू’ की ‘ताई’, हे वय पाहून आणि तिला विचारून ठरवायचं. मात्र वय कितीही कमी असलं तरी ‘तुम्ही’ सोडायचं नाही.

रात्रीच्या प्रश्नाच्या समासात एक सूचना आहे: तिसरं माणूस आलं तर औषधांकडे वळा. औषधं आणि खाणंपिणं हे सगळ्यांसमोर बोलता येणारे विषय. त्यावर चार-पाच प्रश्न राखून ठेवलेले असतात. माणूस गेलं की परत रात्रीकडे यायचं, ‘आपण मघाशी कडीबद्दल बोलत होतो’ असं म्हणून. ते माणूस हललंच नाही तर रात्रीचा प्रश्न त्या दिवशी सोडायचा आणि दुसऱ्या भेटीची वेळ मागायची. सासऱ्यांच्या देखत तो विचारून मिळालेलं उत्तर आपल्या कामाचं नसतं, आणि तिला मात्र त्याची किंमत मोजावी लागू शकते.

मार्गदर्शिकेत सगळ्यांत जपून लिहायचा भाग आता येतो. काळजी घेणाऱ्याचा हात कधी उठतो. कधी माणसाला खोलीत कोंडून भाजी आणायला जावं लागतं. कधी ‘सुटतील तर बरं’ असं मनात येतं आणि त्याची भीती वाटते. हे विचारावं का? मला वाटतं विचारावं. या गोष्टी जिथे विचारल्या जात नाहीत, तिथे त्या नाहीतच असं धरलं जातं. पण त्या तिसऱ्या-चौथ्या प्रश्नात नसाव्यात. शेवटाकडेही ठेवू नयेत. त्यांची जागा मध्यानंतर, म्हणजे त्या विषयातून बाहेर यायला वेळ उरेल अशी. शब्द असे: ‘काही घरांत माणसं सांगतात की एखाद्या क्षणी त्यांचा धीर सुटतो. तुमच्यावर असा प्रसंग आला का?’ इतर घरांचा उल्लेख केला की लाज थोडी कमी होते. पण यात एक धोकाही आहे आणि तो मान्य करायला हवा: आपण इतरांचं उदाहरण दिलं म्हणजे दिशाही दिली. म्हणून हा प्रश्न एकदाच विचारायचा. ‘नाही’ म्हणाल्या तर प्रोब नाही. ‘आला’ म्हणाल्या तर एकच: ‘त्या दिवशी काय काय झालं होतं?’ पुन्हा दिवस, पुन्हा हकीगत.

याच्या आधी, संमतिपत्र वाचून दाखवताना, गुप्ततेची मर्यादा सांगितलेली असली पाहिजे. कुणाच्या जिवाला धोका दिसला तर आम्ही गप्प राहू शकणार नाही, कोणाशी बोलू तेही सांगू, हे स्पष्ट शब्दांत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी माणसाला होऊ शकणारी हानी आधीच विचारात घ्यावी लागते. इथे ती हानी म्हणजे सुई-रक्त नव्हे, तर आठवण आणि घरातलं नातं. मार्गदर्शिकेच्या मागच्या पानावर म्हणून चार ओळी असतात: बाई रडू लागल्या तर रेकॉर्डर बंद करा, पाणी द्या, थांबायचं का ते त्यांना विचारा, निर्णय त्यांचा. तिथेच टेली-मानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइनचा १४५६७ हे क्रमांक असतात, आणि तालुक्यात मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा कोणत्या वारी असते ते आपण आधीच जाऊन विचारून लिहिलेलं असतं. हे पान भरल्याशिवाय धीर सुटल्याचा प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला नाही, असं मी मानते.

मार्गदर्शिका तयार झाली की दोन-तीन घरांत ती वापरून पाहायची आणि लिहून काढलेली मुलाखत प्रश्नांच्या दृष्टीने वाचायची. काय बघायचं? आपलं बोलणं किती ओळींचं आणि तिचं किती. आपला प्रश्न तीन ओळींचा आणि तिचं उत्तर तीन शब्दांचं असेल तर प्रश्न बदला. ‘हो’, ‘नाही’, ‘तसंच’ ही उत्तरं कोणत्या प्रश्नांनंतर येतात त्यावर खूण करा. आपलाच शब्द तिच्या तोंडून परत येतोय का, तेही बघा. आम्ही ‘ताण’ म्हटलं आणि मग सगळ्या ‘ताण’ म्हणू लागल्या, असं होतं. मग विश्लेषणात ‘ताण’ हा विषय ठळक दिसतो, आणि तो आपणच पेरलेला असतो.

अशा वाचनातूनच एक प्रश्न पूर्ण बदलला, तो सांगते. मूळ प्रश्न होता: ‘कोणाकोणाची मदत होते?’ उत्तर सगळीकडे एकच: ‘सगळेच करतात.’ आता तो असा आहे: ‘गेल्या वेळी तुम्ही घराबाहेर गेला होता तेव्हा कुठे गेला होता, आणि त्यांच्याजवळ कोण होतं?’ खाली प्रोब: ‘किती वेळ?’, ‘जाण्याआधी काय काय करून ठेवावं लागलं?’, ‘परत आलात तेव्हा काय होतं?’ या प्रश्नाला मिळणारं उत्तर बहुतेकदा लग्नाचं किंवा दवाखान्याचं असतं. एका लग्नाला जाण्यासाठी आदल्या रात्रीपासून केलेली तयारी, जावेला केलेले फोन, जेवण न करताच परत येणं. ‘सगळेच करतात’ हे वाक्य पुन्हा ऐकू आलं नाही, कारण ते म्हणायला जागाच उरली नाही.

मूळ मार्गदर्शिका इंग्रजीत लिहून नैतिक समितीला द्यायची आणि मंजुरीनंतर मराठी करायची, ही पद्धत अजून सर्रास चालते. तिच्यामुळेच ‘तुम्ही या परिस्थितीशी कसे जुळवून घेता?’ असे प्रश्न घराघरांत जातात. मी उलट क्रम पाळायला सांगते: आधी मराठीत लिहा, दोन बायकांना मोठ्याने वाचून दाखवा, त्या जिथे अडतील तिथे दुरुस्त करा, आणि समितीसाठी मग इंग्रजी करा. बेळगाव-कारवारकडे, कोकणात किंवा विदर्भात जाणार असाल तर तिथल्या बोलीत पुन्हा वाचून घ्या.

मार्गदर्शिका अभ्यासाच्या मध्यावरही बदलते, आणि ते योग्यच आहे. गुणात्मक अभ्यासात पहिल्या मुलाखतींतून जे कळलं त्याने पुढचे प्रश्न घडले पाहिजेत. ‘सकाळी कुणाला सांगितलंत का’ हा प्रोब आमच्या पहिल्या कागदावर नव्हता. एका बाईंनी न विचारता नणंदेच्या फोनबद्दल सांगितलं, त्यानंतर तो आला. असं झालं की प्रत्येक आवृत्तीवर तारीख घालावी, काय बदललं आणि कशामुळे ते एका ओळीत लिहावं, जुना कागद फेकू नये. समितीने मंजूर केलेल्या विषयाच्या बाहेर जाणारा बदल असेल तर त्यांना कळवावं. आणि आधी ज्यांच्या मुलाखती झाल्या त्यांना तो प्रश्न विचारला गेला नव्हता, हे विश्लेषण करताना धरून चालावं. त्या घरांतून निरोपाची गोष्ट आली नाही म्हणजे तिथे निरोप नव्हते असं लिहिता येणार नाही. शक्य असेल तिथे परत जाऊन विचारावं. आम्ही काही घरांत परत गेलो तेव्हा त्यातल्या एका घरी सासूबाई वारल्या होत्या. सून म्हणाली, विचारा, आता जास्त नीट सांगता येईल. पण तिच्यासाठी ‘काल रात्री’ हा प्रश्न चालणार नव्हता. काळजी संपल्यानंतरच्या मुलाखतींसाठी वेगळी मार्गदर्शिका लागते, ती त्यानंतर आम्ही लिहायला घेतली. तिचा पहिला प्रश्न आहे: ‘आता दिवसाची सुरुवात कशी होते?’